तिमाही संपायला आली आणि ग्राहकाशी शिल्लक जुळत नाही: चूक आपल्या ईमेलमध्ये असते

दर तीन महिन्यांनी तेच होतं. तिमाहीचा शेवटचा आठवडा लागतो, सी.ए. साहेबांचा फोन येतो की मोठ्या पार्ट्यांची बॅलन्स कन्फर्मेशन पाठवा, आणि आपण टॅलीतून लेजरची पीडीएफ काढून सगळ्यांना एकच मजकूर धाडतो: 'सोबत स्टेटमेंट जोडले आहे, कृपया शिल्लक कन्फर्म करावी, फरक असल्यास कळवावे.' निम्म्या पार्ट्या उत्तरच देत नाहीत. उरलेल्यांपैकी काही जण एका ओळीत लिहितात, 'आमच्या पुस्तकांप्रमाणे शिल्लक इतकी आहे.' तो आकडा आपल्या आकड्यापेक्षा वेगळा असतो, मग दोन-तीन ईमेल इकडून तिकडे जातात, तारीख उलटून जाते आणि फरक पुढच्या तिमाहीत जातो. तिथे त्यात नव्या नोंदी मिसळतात आणि तो आणखी गुंतागुंतीचा होतो.

मी नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीजवळच्या एका इंडस्ट्रियल हार्डवेअरच्या फर्ममध्ये वसुली आणि लेजर सांभाळते. नट-बोल्ट, बेअरिंग, व्ही-बेल्ट असा माल. मोठे ग्राहक बहुतेक बुटीबोरीचे. बरीच वर्षं मलाही वाटायचं की समोरचे लोक आळस करतात. मग बुटीबोरीच्या एका कारखान्यातल्या पेएबल खात्याच्या मॅडम फोनवर म्हणाल्या, "ताई, तुमचं स्टेटमेंट आलं जी, पण चौदा पानांत मी नेमकं काय पाहू ते तर सांगा." त्यांचं बरोबर होतं. मी त्यांना उत्तर मागत होते, पण प्रश्न विचारलाच नव्हता.

ऑक्टोबर ते डिसेंबर 2025 च्या तिमाहीत त्याच पार्टीशी लेजर कसं जुळवलं ते इथे आकड्यांसह सांगते. दुरुस्ती तीन ठिकाणी करावी लागली: कोणत्या तारखेची शिल्लक घ्यायची, आधी काय मागायचं, आणि फरक कसा लिहून पाठवायचा.

तारीख एक महिना मागे घ्या

31 डिसेंबरची शिल्लक 29 डिसेंबरला विचारण्यात अर्थ नसतो. त्या दोन दिवसांत बिलं लागत असतात, पेमेंट सुटत असतात, आणि समोरच्या माणसाच्या टेबलावर आपल्यासारख्या शंभर पुरवठादारांचे ईमेल पडलेले असतात. म्हणून मी 30 नोव्हेंबरची शिल्लक धरली आणि 4 डिसेंबरला पहिला ईमेल पाठवला. नोव्हेंबरचं आपलं काम तोवर झालेलं असतं, त्यांची नोव्हेंबरची बिलंही बऱ्यापैकी चढलेली असतात. नोव्हेंबर एकदा जुळला की 31 डिसेंबरसाठी फक्त एका महिन्याच्या नोंदी उरतात.

मागे कुठून सुरुवात करायची हेही आधीच ठरवावं. दोन्ही बाजूंनी सही करून मान्य केलेली शेवटची शिल्लक शोधा आणि त्याच्या दुसऱ्या दिवसापासून जुळवा. आमच्याकडे 31 मार्च 2025 चं सही-शिक्क्याचं पत्र होतं, म्हणून 1 एप्रिलपासून सुरुवात केली. असं पत्र नसेल, तर ओपनिंग बॅलन्समधला जुना फरक चालू वर्षाच्या फरकात मिसळतो आणि वर्षभराच्या नोंदी तपासूनही काही हाती लागत नाही.

पहिल्या ईमेलमध्ये शिल्लक मागू नका, त्यांचं लेजर मागा

पहिला ईमेल चार ओळींचा असतो. त्यात मी आपली शिल्लक कन्फर्म करा असं लिहित नाही. '1 एप्रिल ते 30 नोव्हेंबर 2025 या काळातलं आमच्या नावाचं तुमच्या पुस्तकांतलं लेजर एक्सेलमध्ये पाठवावे, जुळवणी आम्ही करून देतो' एवढंच. विषयाच्या ओळीत आपला व्हेंडर कोड असतो. तो त्यांच्या पर्चेस ऑर्डरवर छापलेला मिळतो, आणि तो नसेल तर मोठ्या कंपनीत आपलं लेजर शोधायलाच कुणी बसत नाही. 'जुळवणी आम्ही करतो' हे वाक्य फार कामाचं आहे. पेएबलच्या माणसाला लेजर काढायला दोन मिनिटं लागतात, जुळवायला अर्धा दिवस लागतो. दोन मिनिटांचं काम तो लगेच करतो.

लेजर 8 डिसेंबरला आलं. आमच्या पुस्तकात येणे ₹8,46,320 होते. त्यांच्या पुस्तकात देणे ₹5,95,016. फरक ₹2,51,304.

इथे बहुतेक जण अडीच लाखांची एखादी एन्ट्री शोधायला लागतात. ती सापडत नाही, कारण फरक क्वचितच एका एन्ट्रीचा असतो. एकाच नोंदीचा असल्याचा संशय असेल तर दोन सोप्या परीक्षा आहेत. फरकाला 9 ने भाग जात असेल तर आकड्यांची अदलाबदल झालेली असू शकते, म्हणजे 5,400 च्या जागी 4,500. फरकाचा अर्धा आकडा एखाद्या व्हाउचरशी तंतोतंत जुळला तर ते व्हाउचर उलट्या बाजूला गेलेलं असू शकतं. दोन्ही परीक्षा नापास झाल्या की बिलानुसार जुळवणीशिवाय गत्यंतर नाही.

त्यात पहिली अडचण बिल नंबरांची. आमच्या बिलावर `NH/25-26/0417` असं असतं. त्यांच्याकडे कुणी `0417` टाकतं, कुणी `NH25260417`, कुणी नुसतं `417`. एक्सेल हे तिन्ही वेगळे धरतं. आमचे नंबर चार अंकी आहेत म्हणून दोन्ही शीटवर शेवटचे चार अंक वेगळ्या कॉलममध्ये काढते आणि त्यावरून रक्कम वजा करते. खाली `B` मध्ये बिल नंबर, `E` मध्ये रक्कम, `F` मध्ये काढलेला नंबर आहे, आणि `Party` ही त्यांच्या लेजरची शीट:

```
F2:  =VALUE(RIGHT(TRIM(B2),4))
G2:  =SUMIFS(Party!E:E,Party!F:F,F2)-E2
```

`G` मध्ये शून्य आलं की ते बिल जुळलं. बिलाची पूर्ण रक्कम उणे दिसली तर ते बिल त्यांच्याकडे चढलंच नाही. बिलाची रक्कम अधिक दिसली तर ते दोनदा चढलं आहे. छोटी रक्कम दिसली तर बिल चढलं आहे पण काहीतरी कापलं आहे. पेमेंटच्या नोंदी मात्र बिल नंबरावरून जुळवू नका, त्या यूटीआर, म्हणजे बँकेच्या व्यवहाराच्या नंबरावरून जुळवा. टॅलीत ज्या रिसीट `On Account` टाकलेल्या असतात त्या कोणत्या बिलापोटी आल्या हे कुणालाच ठाऊक नसतं, आणि तिथे रकमेवरून अंदाज बांधणं धोक्याचं असतं.

त्या अडीच लाखांत काय काय निघालं

शेवटी पाच नोंदी उरल्या.

सर्वांत मोठी आमचीच चूक होती. 14 नोव्हेंबरला त्यांनी एनईएफटीने ₹1,50,000 पाठवले होते. त्याच ग्रुपची आणखी एक कंपनी आमची ग्राहक आहे, आणि बँकेच्या स्टेटमेंटवर दोघींची नावं सुरुवातीची काही अक्षरं सारखीच दाखवतात. आमच्याकडे ती रिसीट दुसऱ्या कंपनीच्या लेजरला जमा झाली होती. त्यांच्या लेजरमध्ये यूटीआर होता, म्हणून पाच मिनिटांत सापडली. तो नसता तर मी त्यांनाच 'पेमेंट मिळालं नाही' असं कळवून बसले असते. म्हणून ईमेल लिहिण्याआधी आपल्या बाजूच्या चुका दुरुस्त करणं सर्वांत महत्त्वाचं. समोरच्याने एकदा आपली चूक पकडली की यादीतल्या उरलेल्या नोंदींवरचाही त्याचा विश्वास उडतो.

दुसरी नोंद टीडीएसची होती, ₹1,240. मार्च 2026 पर्यंत लागू असलेल्या आयकर कायद्याच्या कलम 194Q प्रमाणे आधीच्या आर्थिक वर्षात दहा कोटींवर उलाढाल असलेला खरेदीदार एकाच विक्रेत्याकडून वर्षभरात पन्नास लाखांवर माल घ्यायचा, तेव्हा वरच्या रकमेवर 0.1 टक्का कापायचा, आणि बिलात जीएसटी वेगळा दाखवलेला असेल तर जीएसटी सोडून कापायचा. आमची मर्यादा ऑक्टोबरमध्ये ओलांडली गेली. त्यानंतर नोव्हेंबरअखेर ₹12,40,000 चा माल गेला, म्हणून ₹1,240. रक्कम चिल्लर वाटते, पण ती वेगवेगळ्या बिलांवर तुकड्यांत कापलेली होती आणि प्रत्येक बिल त्यामुळे 'जुळत नाही' असं दिसत होतं. इथे एक गैरसमज फार आढळतो. 26AS मध्ये दिसत नाही म्हणजे कापलाच नाही, असं लोक धरून चालतात. ऑक्टोबर ते डिसेंबरचं टीडीएस रिटर्न भरायची मुदत 31 जानेवारी असते, त्यामुळे डिसेंबरात ती नोंद 26AS मध्ये नसणं अगदी स्वाभाविक आहे. आत्ता बिलवार वर्किंग मागावं, नोंद करावी, आणि फेब्रुवारीत 26AS शी ताडून पाहावं.

तिसरी ₹1,18,000 च्या बिलाची. माल शनिवारी, 29 नोव्हेंबरला आमच्याकडून निघाला. संध्याकाळी गाडी बुटीबोरीला पोहोचली तेव्हा स्टोअर बंद झालं होतं. रविवार गेला, सोमवारी गेटवर नोंद झाली आणि 2 डिसेंबरला जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची त्यांच्या स्टोअरची नोंद, पडला. त्यांच्याकडे जीआरएनशिवाय बिल चढत नाही. आमची विक्री नोव्हेंबरची, त्यांची खरेदी डिसेंबरची. यात चूक कुणाचीच नाही आणि दुरुस्तीही काही करायची नाही. जीआरएनची तारीख लिहून घेतली की झालं.

चौथी उलट बाजूची होती. आटे खराब म्हणून त्यांनी परत पाठवलेल्या बोल्टची ₹23,600 ची क्रेडिट नोट आम्ही 18 ऑक्टोबरला काढली होती. ती त्यांच्या पर्चेसवाल्या दादांच्या ईमेलवर गेली आणि तिथेच राहिली, अकाउंट्सपर्यंत पोहोचलीच नाही. या एका नोंदीमुळे एकूण फरक तेवढ्याने कमी दिसत होता. उलट-सुलट नोंदी एकमेकांना झाकतात. म्हणून एखाद्या पार्टीचा फरक शून्य आला तरी मी मोठ्या खात्यांचं बिलवार मिळवून पाहते.

पाचवी खरी वादाची. ₹5,664 ची त्यांची डेबिट नोट: 400 नग, नगामागे ₹12 दरफरक, वर 18 टक्के जीएसटी. आमचं म्हणणं की 1 ऑक्टोबरपासून वाढीव दर त्यांच्या पर्चेसने ईमेलवर मान्य केला होता. त्यांच्या सिस्टिममध्ये मात्र जुन्याच दराची ऑर्डर होती, आणि अकाउंट्स सिस्टिममध्ये दिसेल तेच मानणार. इथे लक्षात घ्यायचं की ग्राहकाने डेबिट नोट टाकली म्हणून आपला जीएसटी कमी होत नाही. त्यासाठी जीएसटी कायद्याच्या कलम 34 प्रमाणे आपणच क्रेडिट नोट काढावी लागते. म्हणून 'बॅलन्स जुळवायचा आहे ना, टाकून द्या एन्ट्री' असं म्हणत ती आपल्या पुस्तकात उतरवून घेऊ नये.

दुसरा ईमेल: प्रत्येक ओळीत एक प्रश्न

आपल्या दोन दुरुस्त्या, म्हणजे चुकीच्या खात्यातली रिसीट आणि टीडीएस, पुस्तकात करून आमची शिल्लक ₹6,95,080 वर आणली आणि 10 डिसेंबरला हा ईमेल पाठवला. पेएबलच्या मॅडमना थेट, पर्चेस आणि स्टोअरला प्रत. नावं आणि कोड काढून मजकूर देते:

> विषय: व्हेंडर कोड ____ : 30 नोव्हेंबर 2025 ची शिल्लक, तीन नोंदींचा खुलासा हवा (18 डिसेंबरपर्यंत)
>
> नमस्कार मॅडम,
>
> तुम्ही पाठवलेले लेजर आमच्या पुस्तकांशी बिलवार ताडून पाहिले. तुमचे ₹1,50,000 चे 14 नोव्हेंबरचे पेमेंट आमच्याकडे चुकीच्या खात्यात जमा झाले होते, ते दुरुस्त केले आहे. ₹1,240 टीडीएसची नोंदही घेतली आहे, कृपया त्याचे बिलवार वर्किंग पाठवावे. त्यानंतर आमच्या पुस्तकात येणे ₹6,95,080 आहे, तुमच्याकडे देणे ₹5,95,016. उरलेला फरक ₹1,00,064 पुढील तीन नोंदींचा आहे.
>
> पहिली: बिल 0583, 29 नोव्हेंबर, ₹1,18,000. तुमच्याकडे जीआरएन 2 डिसेंबरचा आहे असे स्टोअरकडून कळले. बिल डिसेंबरमध्ये चढले आहे का, एवढे कळवावे.
>
> दुसरी: आमची क्रेडिट नोट, 18 ऑक्टोबर, ₹23,600. तुमच्याकडे नोंद दिसत नाही. प्रत जोडली आहे. तुमच्या ऑक्टोबरच्या जीएसटीआर-2बी मध्येही ती दिसेल. नोंद घ्यावी.
>
> तिसरी: तुमची डेबिट नोट, ₹5,664, दरफरक. पर्चेसचा दरमान्यतेचा ईमेल आणि बिल जोडले आहे. पर्चेस विभागाने निर्णय कळवावा. निर्णय व्हायला वेळ लागणार असेल तर ही नोंद 'वादात' असे लिहून उरलेली शिल्लक कन्फर्म करावी.
>
> तिन्ही नोंदींच्या एक्सेलमध्ये शेवटचा रकाना तुमच्या शेऱ्यासाठी मोकळा ठेवला आहे.

बेरीज करून पाहा: 1,18,000 वजा 23,600 अधिक 5,664 म्हणजे 1,00,064. ईमेलमध्ये फरकाची बेरीज पूर्ण जुळलेली असलीच पाहिजे. ₹10 सुद्धा 'इतर' म्हणून सोडले तर समोरचा माणूस तिथेच थांबतो.

तिसऱ्या नोंदीतलं शेवटचं वाक्य मला सर्वांत जास्त उपयोगी पडलं. एका वादाच्या नोंदीसाठी अख्खं खातं अडकून राहतं हे आपलं नेहमीचं दुखणं. वादाची रक्कम नाव देऊन बाजूला ठेवली की उरलेल्या रकमेवर सही करायला कुणाची हरकत नसते. सी.ए. साहेबांनाही तेच हवं असतं. दोन शिल्लक रकमांमधला फरक लहान आहे की मोठा यापेक्षा तो कशाचा आहे हे त्यांना कागदावर दाखवता आलं पाहिजे.

उत्तर 16 तारखेला आलं. बिल चढलं होतं, क्रेडिट नोट त्यांनी त्याच दिवशी घेतली, डेबिट नोट पर्चेसकडे गेली. 30 नोव्हेंबरची शिल्लक आमच्याकडे ₹6,95,080, त्यांच्याकडे दोन्ही नोंदी धरून ₹6,89,416, फरक ₹5,664 दरफरकाचा वाद, असं लिहून त्यांच्या लेटरहेडवर सही-शिक्का घेतला. डिसेंबरच्या तीन बिलांची आणि एका पेमेंटची भर घालून 31 डिसेंबरचं पत्र 2 जानेवारीला तयार झालं. सहीही त्याच आठवड्यात मिळाली.

'सात दिवसांत उत्तर न आल्यास शिल्लक मान्य समजू'

हे वाक्य आपल्या सगळ्यांच्या ईमेलमध्ये असतं. माझ्याही होतं, आता काढलं आहे. ऑडिटच्या मानकात, म्हणजे एसए 505 मध्ये, असं उत्तर न आल्यास मान्य धरणारं पत्र हा प्रत्यक्ष उत्तर आलेल्या पत्रापेक्षा कमकुवत पुरावा मानला जातो, कारण गप्प बसलेल्या माणसाने ते वाचलं तरी का हेच कळत नाही. वसुलीच्या दृष्टीने तर ते आणखी कच्चं आहे. लिमिटेशन कायदा, 1963 च्या कलम 18 प्रमाणे जुन्या येण्याची तीन वर्षांची मुदत नव्याने मोजायची असेल तर देणेकऱ्याची लेखी आणि सही केलेली कबुली लागते, तीही मुदत संपायच्या आत. समोरच्याचं मौन त्यासाठी चालत नाही. ज्या खात्यात दोन वर्षांपेक्षा जुनी बिलं पडून आहेत तिथे ईमेलवरच्या 'ओके' वर थांबू नका. बुटीबोरीला जाऊन का होईना, सही आणा.

उत्तरच न आलेल्या पार्ट्यांसाठी मी पाचव्या दिवशी फोन करते. फोनवर पूर्ण स्टेटमेंटची गोष्ट काढत नाही, यादीतली एकच नोंद विचारते. "मॅडम, शेवटच्या बिलाचा जीआरएन पडला का?" याला त्या उभ्या-उभ्या उत्तर देतात, आणि एकदा फाइल उघडली की उरलेल्या ओळीही पाहतात.

डेबिट नोटचा निकाल जानेवारीत लागला. त्या 400 पैकी 250 नग जुन्या ऑर्डरवरचे निघाले. ते आमच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांच्यापुरती ₹3,540 ची क्रेडिट नोट आम्ही काढली, आणि उरलेल्या 150 नगांचे ₹2,124 त्यांनी परत फिरवले. त्याच महिन्यात दोन गोष्टी बदलल्या. त्या ग्रुपच्या दोन्ही कंपन्यांच्या रिसीट आता पेमेंट अ‍ॅडव्हाइस आल्याशिवाय जमा करत नाही, आणि क्रेडिट नोट पर्चेसबरोबर पेएबललाही थेट जाते.

मार्चच्या फेरीसाठी 28 फेब्रुवारीची शिल्लक घेतली. यादीत दोनच ओळी निघाल्या. त्यातली एक पुन्हा शनिवारी संध्याकाळी पोहोचलेल्या गाडीची होती, म्हणून आता महिन्याच्या शेवटच्या शनिवारचा माल आम्ही दुपारी बाराच्या आत रवाना करतो.